दमलो, थकलो, शिणलो आणि रजेचा अर्ज

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी 'थकवा' असे उत्तर दिले. सचिवांना वाटले, मी बोलायला नाही म्हणतो आहे. विषयच तो आहे हे त्यांना पटवायला दोन फोन करावे लागले.

मी भाषेचा माणूस नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि राज्य शासनाच्या नोकरीत उपयंत्री म्हणून लागलो. रस्ते आणि पुलिया हे माझे काम. पण माझ्या टेबलावरून माप पुस्तिका जातात तसे हाताखालच्या लोकांचे रजेचे अर्जही जातात. वाचायचे, शिफारस लिहायची आणि वर पाठवायचे. त्यातले काही अर्ज आपल्यासारख्या घरांतले असतात. घरात मराठी, दारात हिंदी. ही माणसे मनात मराठीत दमतात आणि कागदावर हिंदीत 'थकतात'. या दोहोंच्या मध्ये काय सांडते, तेवढेच आज सांगणार आहे.

आधी आपल्या घरातले शब्द पाहू. जिना चढून आलेल्या माणसाला आपली आजी विचारायची, "दमलास का रे?" दम म्हणजे श्वास, आणि दमणे त्याच्या अगदी शेजारचे. धाप लागते, छाती भात्यासारखी हलते. बसले, पाणी प्यायले, दहा मिनिटे गेली की दमणे संपते. म्हणून 'जरा दम खा' म्हणतात. दमलेल्या माणसाला विश्रांती पुरते, ही त्याची खूण.

थकणे निराळे. ते एका जिन्याने होत नाही, त्याला काळ लागतो. पुण्याकडचा माणूस 'आजोबा आता थकले' म्हणतो तेव्हा आजोबा फिरून आले आहेत असा अर्थ नसतो. वय झाले, हालचाल कमी झाली, असा असतो. घरभाडे थकते, वीजबिल थकते, त्यातूनच थकबाकी. देणे देता देता मागे राहिले, साचत गेले, हा भाव दोन्हीकडे आहे. आपल्या इंदुरी मराठीत मात्र 'दमलो' मागे पडून 'थकलो' पुढे आला आहे, कारण शेजारी अखंड 'थक गया' चालू असते. आमच्या घरी पुण्याची एक आत्या आली होती. माझा बारा वर्षांचा पुतण्या क्रिकेट खेळून आला आणि म्हणाला, "मी खूप थकलो." आत्या म्हणाली, "अरे, एवढ्यात? अजून तुझी मुंजसुद्धा व्हायची आहे." सगळे हसले, पोराला काही कळले नाही. मला वाटते, यात त्याचा दोष नाही. पण घरात 'दमलो' हा शब्द जिवंत ठेवावा, कारण त्याचे काम 'थकलो' करू शकत नाही. ते कसे, हे पुढे एका प्रकरणात दिसेल.

तिसरा शीण. हा माझा आवडता शब्द, आणि त्याचे कारण माझ्या धंद्यात आहे. साइटवर बाइंडिंगची तार तोडायला पक्कड नसली तर मिस्त्री काय करतो? तार एकाच जागी इकडे वाकवतो, तिकडे वाकवतो. पाच-सात वेळा झाले की ती तुटते. तीच तार एकदा ओढून तोडायची म्हटली तर हात सोलतील पण तुटणार नाही. लोखंडाच्या या गुणाला आम्ही फटीग म्हणतो. एकेका वेळचा भार सोसण्यासारखा असतो, पण पुन:पुन्हा पडत राहिला की आत बारीक तडा जातो. वरून काही दिसत नाही. लोखंडी पुलाचा हिशोब करताना म्हणूनच नुसता जास्तीत जास्त भार धरून चालत नाही, तो किती वेळा येणार हेही बघावे लागते. माणसाचा शीण अगदी असाच आहे. रोजचे जाणे-येणे, रात्री आजारी माणसाजवळ बसणे, मुलांच्या परीक्षा. यातले एकही काम जड नाही. पण डोळे शिणतात, मन शिणते, चेहऱ्यावर शिणवटा दिसतो. प्रवासाचा शीण आंघोळीने आणि चहाने जातो. वर्षाचा शीण चहाने जात नाही. आणि जी धावपळ हा शीण आणते तिला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, दगदग. 'आता दगदग सोसत नाही' हे वाक्य हिंदीत नेऊन दाखवा, मी बक्षीस देईन.

'भागणे' तर आता बडबडगीतातल्या चांदोबापुरतेच उरले. माझी आजी पाहुण्याला 'भागला असाल, आधी हातपाय धुवा' म्हणायची. आज कुणी म्हटले तर आपली मुले समजतील की पाहुणा कुठून तरी पळून आला आहे.

आता झोपेकडचे शब्द. इथे जरा थांबावे लागेल, कारण इथे चूक झाली तर नुसते हसून भागत नाही. पेंग म्हणजे बसल्याबसल्या मान पुढे जाणे. कीर्तनात येते, आणि माझ्यासमोरही दोघांना आलेली दिसते आहे. डुलकी लहान असते, पाच मिनिटांची, आणि ती घेतली की बरे वाटते. झापड म्हणजे पापण्या आपणहून खाली येणे, आपण नको म्हटले तरी. सुस्ती ही पुरणपोळीनंतरची. गुंगी औषधाची. सर्दीची गोळी घेतली की येते ती गुंगी, आणि ती गोळीचा अंमल उतरेपर्यंत तोंड धुऊन जात नाही. आणि ग्लानी ही आजाऱ्याची. ताप चढलेला, पोटात काही नाही, अशा माणसाला हाक मारली तर तो 'हं' म्हणतो आणि पुन्हा आत जातो.

पेंगणाऱ्या माणसाला हाक मारली की तो दचकून उठतो आणि मी झोपलोच नव्हतो असे सांगतो. ग्लानीतल्या माणसाला हाक मारली तर डोळे अर्धवट उघडतो, कधी ओळखतो, कधी नाही. घरातल्या वयस्कर माणसाला ताप असेल आणि डॉक्टरांना फोन करायचा असेल, तर 'सो रहे हैं' आणि 'ग्लानीत आहेत' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'सो रहे हैं' ऐकले तर डॉक्टर म्हणतील, झोपू द्या, उद्या आणा. आणि हिंदीत ग्लानी शब्द वापरून उपयोग नाही, ते आता सांगतोच. म्हणून शब्दाच्या मागे न लागता जे दिसते ते सांगावे. हाक मारल्यावर पूर्ण जागे होत नाहीत, ओळखत नाहीत, उलट उत्तर देत नाहीत, इतके सांगितले की कोणत्याही भाषेचा डॉक्टर ताबडतोब घेऊन या म्हणेल.

आता हिंदीतली ग्लानि. आमच्याकडे एक मराठी लिपिक होते. भला माणूस, अक्षर मोत्यासारखे. तापातून उठले आणि दोन दिवसांची रजा वाढवून मागताना त्यांनी लिहिले की, 'मुझे दो दिन से अत्यधिक ग्लानि हो रही है।' त्या वेळचे आमचे अधिकारी भोपाळकडचे होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "इन्होंने किया क्या है?" हिंदीत ग्लानि म्हणजे पश्चात्ताप, स्वतःच्या कृत्याची लाज. मनात दोन दिवस ग्लानि असलेला लिपिक म्हणजे रोकडवहीत काहीतरी गडबड, असा त्यांचा सरळ तर्क. खुलासा झाला, सगळे हसले, रजा मिळाली.

असाच दुसरा शब्द प्रकृती. 'माझी प्रकृती बरी नाही' हे आपल्याकडे घरोघर बोलले जाते. 'मेरी प्रकृति ठीक नहीं है' लिहिले की वाचणारा समजतो, हा आपला स्वभाव वाईट आहे असे कबूल करतो आहे. तिथे स्वास्थ्य किंवा तबीयत हवे. आराम आणखी गमतीचा. आपण 'आराम करतो' म्हणजे पडून राहतो, तो अर्थ हिंदीतही आहे. पण 'अब आराम है' याचा अर्थ बरे वाटते आहे असा होतो, आणि ज्याला बरे वाटते आहे त्याला रजा कशाला? आणि रजा हा शब्दही जपून वापरावा. आपली रजा म्हणजे मागून घ्यायची सुटी. उर्दूतली रज़ा म्हणजे संमती, मर्जी. साहेबांना 'मेरी रज़ा मंजूर करें' म्हणणारा माणूस स्वतःची मर्जी मंजूर करून घेतो आहे. कधीकधी ते खरेही असते म्हणा.

बडोद्याला माझी मावसबहीण असते. ती म्हणते, तुमच्याकडे थकान होते, आमच्याकडे थाक लागतो, भूक लागते तसा. प्रत्येक गावच्या मराठीने शेजाऱ्याकडून काही उचलले आहे. बोलताना याने काही बिघडत नाही. कागदावर बिघडते.

कागदाचा स्वभाव काय, ते सांगतो. गप्पांत आपण काय वाटते ते सांगतो. अंग मोडून आले आहे, हातपाय गळाले आहेत, जीव मेटाकुटीला आला आहे. ऐकणारा आपला असतो, त्याला पुढचे विचारता येते. अर्ज वाचणाऱ्याला पुढचे विचारता येत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात. कारण काय, कधीपासून कधीपर्यंत, आणि कोणत्या प्रकारची रजा. 'वाटणे' त्याच्या कामाचे नाही. मंजुरी देणारा कठोर असतो असे नाही. पण त्याला सही करताना कारण नोंदवायचे असते, आणि 'थकान' हे कारण म्हणून टिकत नाही. थकान सगळ्यांनाच असते, त्यालाही असते.

एक-दोन दिवसांच्या आकस्मिक अवकाशाला तर थकण्याचा उल्लेखच नको. मध्य प्रदेशात तो वर्षाला १३ दिवस मिळतो. 'निजी कार्य' इतके पुरते. निवडणुकीच्या ड्यूटीवरून मतदान यंत्रे जमा करून पहाटे तीनला घरी पोचलेला माणूस दुसऱ्या दिवशी खरोखर दमलेला असतो. त्यानेसुद्धा 'अत्यधिक थकान' लिहू नये. 'निर्वाचन ड्यूटी से प्रातः ३ बजे वापसी' असे लिहावे. वाचणारा स्वतःच हिशोब करतो की हा माणूस आज कामाचा नाही. जे घडले ते लिहिले की थकवा आपोआप कळतो.

खरी अडचण लांबच्या रजेची. त्याचे एक प्रकरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

आमच्याकडे एक टाइमकीपर होते, पंचावन्नच्या पुढचे, नोकरी २८ वर्षांची. त्यांना आम्ही काका म्हणायचो. काकांनी दहा दिवसांच्या अर्जित अवकाशाचा अर्ज दिला. कारणाच्या जागी एकच शब्द, थकान. मार्चचा महिना, बिले काढायची घाई. वरून शेरा आला की कार्य की अधिकता के कारण अस्वीकृत. नियमाने त्यात काही गैर नव्हते. अवकाश हा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाच्या गरजेने तो नाकारता येतो. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी साइटवर मी त्यांना पुलियाच्या कठड्यावर बसलेले पाहिले. म्हटले, "काका, फार दमलात का?" ते म्हणाले, "साहेब, दमायला काम कुठं केलंय? सकाळी उठतानाच दमलेला असतो."

हे वाक्य मराठीत होते म्हणून मला कळले. दमणे विश्रांतीने जाते, ही त्याची खूण मी मघाशी सांगितली. जो माणूस रात्रभर झोपून सकाळी दमलेला उठतो, त्याचे दमणे कामाचे नाही, ते शरीरातले आहे. आपल्या भाषेत त्याला थकवा म्हणतात, किंवा अशक्तपणा. ते 'मी दमलो' म्हणाले असते तर मी घरी जाऊन झोपा म्हटले असते. 'थकलो' म्हणाले असते तर वय झाले म्हटले असते. 'उठतानाच दमलेला' यावर मात्र काही म्हणता येईना. मग नीट पाहिले तर नखे पांढरी, ओठ फिके, आणि दहा पावले चालले तरी धाप. मी त्यांच्या मुलाला फोन केला.

रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.८ निघाले. प्रौढ पुरुषात ते १३ च्या वर असायला हवे. कारण होते मूळव्याध. दोन वर्षे रक्त जात होते आणि लाजेपोटी घरातही सांगितले नव्हते. डॉक्टरांनी लोहाची औषधे दिली, पोटाच्या इतर तपासण्या करायला सांगितल्या, कारण त्या वयात रक्त जाते आहे ते फक्त मूळव्याधीनेच असे धरून चालत नाहीत, आणि तीन आठवडे विश्रांती लिहून दिली.

आता अर्ज पुन्हा लिहायचा होता. इथे शब्द बदलला की रजेचा प्रकारही बदलतो. काकांनी मागितला होता अर्जित अवकाश. तो वर्षाला ३० दिवस जमा होतो आणि शिल्लक राहिला तर निवृत्तीच्या वेळी ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याचे पैसे मिळतात. निवृत्तीला थोडी वर्षे राहिलेल्या माणसाने तो आजारपणात का खर्चावा? आजारासाठी दुसरे खाते आहे. अर्धवेतन अवकाश वर्षाला २० दिवस जमा होतो. वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर त्याचे रूपांतर पूर्ण पगाराच्या लघुकृत अवकाशात करता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. काकांचे २१ दिवस, म्हणजे ४२ दिवस वजा. त्यांच्या खात्यात २८ वर्षांचे साठलेले होते, त्यांनी ते जवळपास वापरलेच नव्हते. आपल्यात असे पुष्कळ आहेत. हे खाते आपल्याला आहे हेच माहीत नसते.

अर्ज असा झाला. विषय: लघुकृत अवकाश स्वीकृत करने बाबत. मजकूर: 'सविनय निवेदन है कि प्रार्थी रक्ताल्पता से पीड़ित है। चिकित्सक द्वारा २१ दिवस विश्राम की सलाह दी गई है। चिकित्सा प्रमाण पत्र संलग्न है। कृपया उक्त अवधि का लघुकृत अवकाश स्वीकृत करने का कष्ट करें।' खाली तारखा, सेवापुस्तिकेतले पद आणि सही. त्यात थकान नाही, कमजोरी नाही, ग्लानि तर नाहीच. मार्च महिनाच होता, अधिकारी तेच होते, काम तेवढेच होते. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली.

मूळव्याधीचे नाव अर्जात घालायचे का, असे काकांनी दबक्या आवाजात विचारले होते. मी म्हटले, तुमच्या अर्जात नको. प्रमाणपत्रात डॉक्टर जे लिहितील ते लिहितील, त्यांनी रक्ताल्पता लिहिले आहे आणि ते खरे आहे. खोटे काही लिहायचे नाही, पण सगळे लिहायलाच हवे असेही नाही. आणि परत येताना स्वस्थता प्रमाणपत्राशिवाय हजर होता येत नाही, हे त्यांना दोनदा सांगितले. लोक जाताना कागद जपतात आणि येताना विसरतात. मग हजेरी अडते आणि त्या दिवसांचा पगारही अडतो.

आमच्या मंडळींनी मला बजावले आहे की स्त्रियांच्या दमण्याबद्दल बोलल्याशिवाय उतरू नका. मी एवढेच सांगतो की, वरच्या प्रकरणात जे काकांना झाले ते आपल्या घरांतल्या बायकांत फार दिसते. त्या 'दमले' म्हणत नाहीत, 'जरा कंटाळा आलाय' म्हणतात. कंटाळा हा मनाचा, नको वाटण्याचा शब्द. आवडीचे काम समोर आले तर कंटाळा जातो. कुणी गौरीची तयारीसुद्धा, जी तिला दरवर्षी आवडते, ती 'कंटाळा' म्हणून बाजूला ठेवत असेल आणि जिन्यावर मध्येच टेकत असेल, तर तो कंटाळा नाही. रक्ताची तपासणी करून घ्यावी. आणि 'कणकण आहे' असे म्हणाली तर थर्मामीटर लावावा. कणकण म्हणजे काही नाही असे आपण धरतो, पण तो बारीक तापाचा शब्द आहे. ती आठ-पंधरा दिवस रोज संध्याकाळी येत असेल तर डॉक्टरांना तसेच सांगावे: रोज संध्याकाळी, इतका ताप, इतक्या दिवसांपासून.

शाळेच्या अर्जाबद्दल पालक विचारतात, म्हणून शेवटी तेही. मुलाला गणपतीच्या जागरणाने पेंग येते आहे म्हणून सुटी हवी असेल तर 'अस्वस्थ' लिहू नका. 'घर में गणेश पूजन' लिहा, इंदूरच्या शाळेत कुणाला त्याचे नवल वाटत नाही. खरोखर ताप असेल तर 'ज्वर' लिहा, आणि कधीपासून ते लिहा.

आरतीची वेळ झाली आहे, आणि मघाचे ते दोघे आता चारजण झाले आहेत.